काठ आटला, अंग नाही आटलं

(हातमाग दिनानिमित्त सहकारी संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

नमस्कार. बोलावताना मला विषय दिला होता 'हातमागाच्या साडीची कॅप्शन कशी लिहावी'. साडीचा फोटो टाकतो, खाली पाच-सात ओळी लिहितो, त्या ओळी. त्यात विणकराची गोष्ट यायला हवी, कापडाची निगा यायला हवी आणि किंमतही यायला हवी. बहुतेक जण याचे तीन तुकडे करतात. आधी गोड परिच्छेद, मग 'ड्रायक्लीन ओन्ली', मग 'किमतीसाठी मेसेज करा'. माझं म्हणणं असं आहे की या तीन गोष्टी नाहीतच, एकच गोष्ट आहे. हे मला एका परत आलेल्या साडीने शिकवलं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

आमची संस्था भंडारा जिल्ह्यातली, करवतकाठी टसर विणणाऱ्यांची. इथे बसलेल्यांना करवतकाठ सांगायला नको, पण मागे काही कॉलेजची मुलं दिसतायत, त्यांच्यासाठी दोन शब्द. साडीचं अंग कोशाच्या सुताचं. आपल्याकडे टसरला कोसाच म्हणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा हा कोश, भंडारा-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला. काठ मात्र सुती असतो, मर्सराइज्ड सुताचा, गडद रंगाचा. आणि काठ जिथे अंगाला भेटतो तिथे करवतीसारखे दात.

तर साडी. ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या एका ताईंनी आमच्याकडून एक टसर घेतली, पिवळसर नैसर्गिक रंगाचं अंग, लाल काठ. त्या फोटोखालची कॅप्शन मीच लिहिली होती. 'शतकांची परंपरा, विणकराच्या हातांची जादू, मऊ रेशमाचा स्पर्श.' तेव्हा मला ती फार आवडली होती. महिन्याभराने साडी परत आली, सोबत दोन पानी पत्र. ताई रागावलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या, आणि ते जास्त लागतं. त्यांच्या तीन तक्रारी होत्या. सुतात गाठी आहेत. मऊ म्हणाला होतात, पण हाताला खरखरीत लागते. आणि एकदाच धुतली तर काठाशी सगळी चुणली.

आमच्या बैठकीत कोणी म्हणालं, गिऱ्हाइकाला कापड कळत नाही. मला ते पटेना. पैसे परत केले आणि साडी घेऊन ज्यांनी विणली त्या काकांकडे गेले. मोहाडी तालुक्यात त्यांचं घर, पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. काकांनी साडी खाटेवर पसरली. बोलले काहीच नाहीत. काठ आणि अंग जिथे जुळतात त्या रेषेवरून अंगठा फिरवत पदरापर्यंत गेले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "पाहा, काठ आटला, अंग नाही आटलं. गरम पाण्यात घातली त्यांनी."

आणि तसंच झालं होतं. काठ सुती दिसतो म्हणून ताईंनी सुती साडीसारखी बादलीत गरम पाण्यात भिजत घातली होती. सूत आणि कोसा पाण्यात सारखे आटत नाहीत. काठ आखडला, अंग तेवढं आखडलं नाही, आणि उरलेलं अंग चुण्या होऊन काठाशी गोळा झालं. साध्या साडीत दोन सुतं शेजारी असली तर थोडं निभावतंही. इथे ती एकमेकांत अडकवलेली असतात, सुटका नाही.

ते अडकवणं कसं, हे काकांनी मागावर बसून दाखवलं. धोटे, म्हणजे बाण्याचा आडवा धागा इकडून तिकडे नेणारे, तीन. मधला अंगाचा, दोन बाजूंचे दोन काठांचे. काठाचा धोटा काठातून येतो, ठरलेल्या जागी अंगाच्या बाण्याला वळसा घालतो आणि परत फिरतो. अंगाचा बाणा तिथूनच परत. ही वळणाची जागा दर ओळीला थोडी पुढे, मग थोडी मागे सरकवत नेली की दात तयार होतात. म्हणजे दात काठावर भरलेले नाहीत, रंगवलेले नाहीत. दोन बाणे जिथे हात धरतात ती रेषाच दातेरी आहे. म्हणून अंगाचा धागा काठात शिरत नाही आणि काठाचा लाल रंग भरीव दिसतो. साडी उलटी करून पाहा, दात तसेच्या तसे दिसतील, कापलेली टोकं नाहीत, लोंबणारे धागे नाहीत. उजेडासमोर धरली तर त्या रेषेवर बारीक बारीक वळसे दिसतात. यंत्रमागावरच्या नकलेत दात उलट्या बाजूला तुटक दिसतात किंवा धागे मोकळे सुटलेले असतात. मुलांनो, आज बाहेरच्या दालनात गेलात की आधी साडी उलटी करा.

तीन धोटे आणि माणसाचे हात दोन, म्हणून अशा मागावर पुष्कळदा दुसरं माणूस बसतं. काकांच्या शेजारी काकू बसतात. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

आता गाठी. काकांनी मला बोटाने शिकवलं. कोशाचं सूत मुळातच एकसारखं नसतं. मध्येच जाडसर होतं आणि हळूहळू बारीक होत जातं. बोट फिरवलं तर चढ-उतार लागतो, ती सुताची जात आहे. गाठ मात्र दाण्यासारखी टोचते, एकाच जागी. आणि बाणा चुकला असेल तर कापडाच्या पूर्ण रुंदीत एक विरळ रेघ दिसते. ती खरी चूक, ती साडी आपण परत घ्यायलाच हवी. ताईंच्या साडीत गाठ एकही नव्हती, सगळे चढ-उतारच होते. पण हे त्यांना कोण सांगणार होतं? मी 'जादू' लिहून मोकळी झाले होते. खरखरीतपणाचंही तेच. तुतीच्या रेशमाच्या मऊपणाची अपेक्षा मी टसरला चिकटवली. टसरचा धागा जाडसर, थोडा कोरडा, वापरानेच अंगाशी सैल होत जाणारा. मी खोटं लिहिलं होतं, ताईंनी खरं लिहिलं.

एक बाजूची गोष्ट सांगते, निगेचीच आहे. इस्त्री करताना टसरवर पाणी शिंपडू नका. थेंबांचे डाग उठतात आणि मग पूर्ण साडी ड्रायक्लीनला द्यावी लागते. उलट्या बाजूने, मध्यम गरम इस्त्री. हँगरवर कोणी लटकवता का? बरेच हात वर आलेत. आज घरी जाऊन उतरवा, सुती कापडात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर धागा घडीवरच झिजतो.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. ज्यासाठी बोलावलं ते अजून बाकी आहे, तर भरभर सांगते.

कॅप्शनचं सूत्र माझ्या मते एवढंच. निगेची प्रत्येक सूचना मागावरच्या एका कारणासोबत लिहायची, आणि किमतीचा प्रत्येक भाग एखाद्या माणसाच्या दिवसासोबत. मग वेगळी गोष्ट लिहावी लागत नाही. फोनवर पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, म्हणून साडीचं नाव आणि किंमत तिथेच. 'मेसेज करा' लिहिलं की आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं.

आमच्या एका साडीचा हिशेब सांगते, आकडे गोल केलेत. कोसा आणि काठाचं सूत 4,000. विणायला 10 दिवस, काकांची मजुरी रोज 600, म्हणजे 6,000. शेजारी बसणाऱ्या मदतनिसाचे रोज 350, म्हणजे 3,500. ताणा लावणं आणि कांड्या भरणं 1,500. झाले 15,000. संस्थेचे 1,500, त्यात दुकान, प्रवास आणि न विकलेल्या साड्या. एकूण 16,500, त्यावर 5 टक्के कर 825, म्हणजे 17,325. हा हिशेब पाहिला की सवलतीचा प्रश्नही सुटतो. सवलत द्यायची तर ती त्या 1,500 मधूनच निघते. त्याहून जास्त दिली तर ती कोणाच्या तरी दिवसातून निघते. आधी किंमत फुगवून मग खोडून दाखवणं आम्ही त्याच कारणाने बंद केलं.

आणि एक नियम. कॅप्शन टाकण्याआधी ज्यांनी विणलं त्यांना वाचून दाखवायची, नाव किंवा फोटो टाकायचा तर विचारून. या साडीची नवी कॅप्शन मी काकांकडे वाचून दाखवली. 'विणकर आणि मदतनीस यांनी दहा दिवसांत' असं मी लिहिलं होतं. काका मान हलवत होते. काकू कांडी भरता भरता थांबल्या आणि म्हणाल्या, "मी मदत नाही करत, मी विणते."

मग तो शब्द बदलला. शब्द बदलल्यावर मजुरी 350 ठेवणं शक्यच नव्हतं. बैठकीत बराच वाद झाला, शेवटी 450 झाली, पुढे आणखी वाढवायचं ठरलंय. किंमत 17,500 वर गेली, करासह 18,375. ही बदललेली कॅप्शन वाचते आणि थांबते.

"करवतकाठी टसर, सहावारी. करासह 18,375 रुपये, टपालखर्च वेगळा. अंग कोशाचं, काठ सुती, दोन्ही तीन धोट्यांनी एकमेकांत अडकवलेले. साडी उलटी करून दात पाहा, दोन्हीकडून सारखे आहेत. मोहाडी तालुक्यातल्या एका घरात दोघांनी 10 दिवस विणली. किमतीतले 10,500 त्यांच्या विणण्याचे, 1,500 ताण्या-कांड्यांचे, 4,000 सुताचे, 1,500 संस्थेचे, बाकी कर. सुतात जाडसर जागा लागतील, तो कोसाच आहे. पूर्ण रुंदीत विरळ रेघ दिसली तर साडी परत पाठवा, पैसे परत देऊ. काठ आणि अंग पाण्यात सारखे आटत नाहीत, म्हणून घरी धुऊ नका, ड्रायक्लीन करा. इस्त्री उलट्या बाजूने, पाणी न शिंपडता. सुती कापडात ठेवा, घडी बदलत राहा."

पुण्याच्या ताईंना मी ही पाठवली होती. त्यांनी उलट लिहिलं की काठ निळा असेल तर एक ठेवून द्या.