मेंटेनन्सच्या नोटिशीला दिलेले उत्तर पाठवण्यापूर्वी कसे तपासावे

नमस्कार. सोसायटीकडून मेंटेनन्सच्या थकबाकीची नोटीस येते, आपण रात्री बसून तिचे उत्तर लिहितो आणि सकाळी ते सचिवांकडे देऊन टाकतो. आज आपण असेच एक उत्तर, ते सचिवांकडे जाण्याआधी, वाक्यावाक्याने तपासणार आहोत. नोटीस आणि उत्तर दोन्ही उदाहरणासाठी तयार केली आहेत, परंतु त्यातील चुका प्रत्यक्षात वारंवार दिसणाऱ्या आहेत.

प्रसंग पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा आहे. सभासद नोकरीनिमित्त नाशिकला राहतात आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांची सख्खी बहीण राहते. मासिक बिल 4,200 रुपयांचे असून ते दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असते. मे महिन्यात आलेल्या नोटिशीत तीन रकमा आहेत. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांचे 16,800 रुपये, मागील जुलैपासून दहा महिन्यांचे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे ज्याला आपण नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतो ते, दरमहा 420 प्रमाणे 4,200 रुपये, आणि 15 मेपर्यंतचे व्याज 840 रुपये. एकूण मागणी 21,840 रुपयांची आहे.

आता सभासदांचे उत्तर वाचून दाखवतो.

“आपली नोटीस मिळाली. मी सर्व पैसे वेळेवर भरलेले आहेत. समितीच्या मनमानी कारभाराला सगळे सभासद कंटाळले आहेत. दोन वर्षे माझ्या बेडरूमची गळती कोणी पाहिली नाही, तेव्हा नियम कुठे गेले होते? हे बेकायदेशीर चार्जेस मी भरणार नाही. योग्य ती कार्यवाही करावी, अन्यथा कोर्टात खेचीन.”

या पत्रामागचा राग मला समजतो. गळतीची तक्रार कदाचित शंभर टक्के खरीही असेल. परंतु हे पत्र कोण वाचणार आहे, याचा विचार आधी करायला हवा. थकबाकी वसूल करण्यासाठी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करू शकते आणि तो दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. त्या अर्जाच्या कागदांमध्ये संस्थेची नोटीस असेल आणि तुमचे उत्तरही असेल. म्हणजे हे पत्र ज्या सचिवांवर तुम्ही चिडला आहात त्यांच्यापुरते राहत नाही. उद्या ते अशा अधिकाऱ्यासमोर जाऊ शकते, ज्याला तुमच्या इमारतीतील भांडणाशी काही देणेघेणे नाही आणि ज्याला फक्त किती रक्कम देय आहे एवढेच ठरवायचे आहे.

त्या नजरेने पाहिले की “मनमानी”, “कोर्टात खेचीन” आणि “सगळे सभासद” हे तिन्ही शब्दप्रयोग गळून पडतात, कारण त्यांपैकी एकानेही एक रुपयाही कमी होत नाही. गळतीचा मुद्दाही येथून काढायचा, मात्र तो सोडून द्यायचा नाही; त्यासाठी त्याच दिवशी फोटो जोडून स्वतंत्र पत्र द्यायचे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आल्या की गळतीमुळे पैसे अडवून ठेवले आहेत असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तो अर्थ सभासदाच्या विरोधात जातो.

आता सर्वांत धोक्याचे वाक्य: “मी सर्व पैसे वेळेवर भरलेले आहेत.” बँकेचे विवरणपत्र उघडून पाहिले तर फक्त फेब्रुवारीचे 4,200 रुपये 12 फेब्रुवारीला संस्थेच्या खात्यात गेलेले दिसतात. शेऱ्यात फ्लॅट क्रमांक नसल्यामुळे खजिनदारांनी ते सभासदाच्या नावे जमा केले नसावेत. जानेवारी, मार्च आणि एप्रिल मात्र खरोखरच बाकी आहेत. सरसकट नकार दिला आणि त्यातील तीन चतुर्थांश भाग चुकीचा निघाला, तर उरलेल्या खऱ्या भागावरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून जे देणे आहे ते आधी मान्य करायचे: तीन महिन्यांचे 12,600 रुपये.

व्याज पाहू. 840 हा आकडा आला कुठून? जानेवारीच्या बिलाला चार महिने, फेब्रुवारीच्या तीन, मार्चच्या दोन आणि एप्रिलच्या एक, असे मिळून दहा महिने होतात आणि प्रत्येकी 84 रुपये, म्हणजे दरमहा 2 टक्के दर लावलेला दिसतो. वर्षाला तो 24 टक्के होतो. या संस्थेने स्वीकारलेल्या आदर्श उपविधींमध्ये कमाल मर्यादा वर्षाला 21 टक्के सरळव्याजाची आहे, म्हणजे 4,200 रुपयांवर महिन्याला 73 रुपये 50 पैसे. फेब्रुवारीचे तीन महिने वगळले की सात महिने उरतात आणि व्याज 514 रुपये 50 पैसे होते. तुम्ही हिशेब करताना स्वतःच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर पाहूनच आकडा लिहा, कारण सभेने कमी दर ठरवलेला असू शकतो.

बिनभोगवटा शुल्काबाबत मसुद्यात फक्त “बेकायदेशीर” हा शब्द आहे आणि त्याला कोणताही आधार दिलेला नाही. आधार मात्र भक्कम आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 79अ खाली 1 ऑगस्ट 2001 रोजी काढलेल्या शासकीय आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि सदनिकेत सभासदाचे आई-वडील, भाऊ, बहीण किंवा मुले राहत असतील तर ते मुळीच आकारता येत नाही. येथे दुसरी चूकही दडलेली आहे. 4,200 च्या बिलात सेवाशुल्क फक्त 1,800 रुपये आहे, बाकीची रक्कम दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी आणि पार्किंगची आहे. संस्थेने संपूर्ण बिलाचे 10 टक्के धरले, म्हणजे भाडेकरू असता तरीही 420 नव्हे, जास्तीत जास्त 180 रुपयेच लागले असते. हे उत्तरात एका वाक्यात जरूर लिहावे, पण मुख्य मुद्दा बहिणीच्या वास्तव्याचाच ठेवावा.

शेवटी मागणी. “योग्य ती कार्यवाही करावी” हे वाचून सचिवांनी नेमके काय करायचे? समितीने ठराव मंजूर करताना थेट वापरता येईल असा मजकूर हवा. सुधारित उत्तराचा गाभा असा असेल:

“आपल्या नोटिशीतील 21,840 रुपयांपैकी जानेवारी, मार्च व एप्रिलचे 12,600 रुपये आणि त्यावरील 15 मेपर्यंतचे 514.50 रुपये व्याज, असे एकूण 13,114.50 रुपये मला मान्य असून ते आज भरले आहेत. पावती सोबत जोडली आहे. उर्वरित 8,725.50 रुपये मला मान्य नाहीत. त्यात 12 फेब्रुवारी रोजी भरलेले 4,200 रुपये, माझी बहीण सदनिकेत राहत असल्यामुळे आकारता न येणारे बिनभोगवटा शुल्क 4,200 रुपये आणि जादा व्याज 325.50 रुपये यांचा समावेश आहे. तरी ही रक्कम माझ्या खात्यातून कमी करून दुरुस्त खातेउतारा हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावा. एखादी बाब अमान्य असल्यास तिचे कारण व संबंधित ठरावाची प्रत लेखी द्यावी.”

यात एकही कठोर शब्द नाही, तरीही समितीला प्रत्येक आकड्याला उत्तर द्यावेच लागते. पत्र सचिवांच्या नावे दोन प्रतींमध्ये करा आणि आपल्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्या. पोच नाकारली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. आणि 13,114.50 रुपये भरताना शेऱ्यात फ्लॅट क्रमांक व महिने लिहायला विसरू नका.