दहा दिवस की काही तास? पेरॉक्साइडने लावलेल्या शर्यतीची गोष्ट

[दृश्य: काळपट काचेची जुनी बाटली, बुचाभोवती सुकलेला थर]

या बाटलीत अ‍ॅलाइल ब्रोमाइड आहे. तीन कार्बनांचा छोटासा रेणू. एका टोकाला दुहेरी बंध, दुसऱ्या टोकाला ब्रोमीन. त्यात हायड्रोजन ब्रोमाइड मिसळायचा, म्हणजे दुहेरी बंधाच्या एका कार्बनावर हायड्रोजन बसेल आणि दुसऱ्यावर ब्रोमीन. प्रश्न एवढाच की कुठे कोण बसणार.

[पडद्यावर: CH2=CH–CH2Br + HBr]

रशियन रसायनज्ञ मार्कोवनिकोव यांनी याचं उत्तर १८६९-७० च्या सुमारासच देऊन ठेवलं होतं. ज्या कार्बनावर आधीच हायड्रोजन जास्त, त्याच्याच पदरात आणखी एक. म्हणजे हायड्रोजन टोकाला आणि ब्रोमीन मधल्या कार्बनावर. तयार व्हायला हवं 1,2-डायब्रोमोप्रोपेन.

कधी तेच व्हायचं. कधी मात्र ब्रोमीन टोकाला जाऊन 1,3-डायब्रोमोप्रोपेन हाती यायचं. कधी दोन्हींचं मिश्रण. कोणी म्हणे तापमानामुळे, कोणी म्हणे प्रकाशामुळे, कोणी द्रावकावर बोट ठेवी. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं.

[दृश्य: काचेची नळी ज्योतीवर वितळवून बंद केली जाते]

शिकागो विद्यापीठात मॉरिस खाराश आणि त्यांचे विद्यार्थी फ्रँक मेयो यांनी या कोड्याला हात घातला. १९३३ साली त्यांचा शोधनिबंध आला. पद्धत चिकाटीची होती. हायड्रोजन ब्रोमाइड उणे 67 अंशांनाच उकळतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो वायू असतो. तो गोठवायचा, नळीतली हवा पूर्णपणे काढायची, नळीचं तोंड वितळवून बंद करायचं आणि मग वाट पाहायची.

हवा आणि पेरॉक्साइड दोन्ही कटाक्षाने दूर ठेवले, तेव्हा अभिक्रिया पुरी व्हायला जवळपास दहा दिवस लागले, आणि मिळालं 1,2. पेरॉक्साइड असताना काम काही तासांत उरकलं, आणि मिळालं 1,3.

नीट पाहा, दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत: ब्रोमीनची जागा आणि वेग. माझ्या मते सगळं रहस्य या दुसऱ्या गोष्टीत, वेगात आहे. शिकवताना आपण तोच गाळतो.

[दृश्य: दोन चंबू, दोन तापमापक]

दोन्ही पदार्थ रंगहीन आणि जड. नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पण एक साधारण 141 अंशांना उकळतो, दुसरा 167 ला. त्यांचा अपवर्तनांकही किंचित वेगळा, त्यामुळे मिश्रणात कोण किती हे मोजता येतं.

आता आत काय घडतं ते पाहू. खाराश यांचा पहिला तर्क वेगळाच होता. दुहेरी बंधातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणीच दोन प्रकारची असते, असं त्यांना वाटे. एका पायरीतून पुढची आपोआप सुरू होते, हे साखळीचं स्पष्टीकरण १९३७ मध्ये आलं. खाराश यांच्या गटाने ते मांडलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डोनाल्ड हे आणि विल्यम वॉटर्स या रसायनज्ञांनीही.

[ॲनिमेशन: खो-खोचं मैदान, रांगेत बसलेले खेळाडू]

पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कच्चा असतो. थोडी उष्णता किंवा प्रकाश मिळाला की तो मधोमध तुटतो आणि प्रत्येक तुकड्याकडे एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. असा तुकडा म्हणजे मुक्त मूलक. तो हायड्रोजन ब्रोमाइडचा हायड्रोजन ओढून घेतो आणि मागे ब्रोमीनचा एकटा अणू मोकळा सुटतो.

इथून खो-खो सुरू. ब्रोमीन दुहेरी बंधाच्या टोकाच्या कार्बनावर जाऊन बसतो आणि शेजारच्या, मधल्या कार्बनाला खो देतो. एकटा इलेक्ट्रॉन आता त्याच्याकडे. तो उठतो, जवळच्या हायड्रोजन ब्रोमाइडमधून हायड्रोजन घेतो आणि जागेवर बसतो. जाताजाता नव्या ब्रोमीनला खो देतो. नवा ब्रोमीन पुढच्या रेणूकडे धावतो.

[पडद्यावर:
Br• + CH2=CH–CH2Br → BrCH2–CH•–CH2Br
BrCH2–CH•–CH2Br + HBr → BrCH2–CH2–CH2Br + Br•]

पेरॉक्साइडने फक्त पहिला खो दिला. पुढचा डाव आपोआप चालतो, दोन मूलक एकमेकांना भिडून जोडी जमवेपर्यंत. म्हणूनच पेरॉक्साइडचा नुसता अंश पुरतो.

ब्रोमीन टोकालाच का बसतो? तिथे गर्दी कमी, आणि तिथे बसल्यावर एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनावर येतो, जिथे तो जास्त स्थिर असतो. आता पेरॉक्साइड नसतानाच्या वाटेशी, म्हणजे प्रभार असलेल्या कणांच्या, आयनांच्या वाटेशी ताडून पाहा. तिथे आधी हायड्रोजन टोकाला चिकटतो आणि धनप्रभार मधल्या कार्बनावर येतो, तोही त्याच कारणाने. दोन्ही वाटांवर पहिला येणारा टोकाला बसतो. एका वाटेवर पहिला हायड्रोजन असतो, दुसऱ्या वाटेवर ब्रोमीन. फरक तेवढाच.

आणि आता त्या दहा दिवसांकडे परत येऊ. ‘पेरॉक्साइडमुळे नियम उलटतो’ असं पाठ केलेलं असतं, पण नळीतली आयनांची वाट पेरॉक्साइड असतानाही उघडीच असते. तिच्यावरून रेणू रांगत राहतात. तेवढ्यात साखळी बहुतेक सगळा माल संपवून मोकळी होते. अ‍ॅलाइल ब्रोमाइडमध्ये तर जोडलेला ब्रोमीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे धनप्रभार तयार होणं आणखी जड जातं. संथ आणि वेगवान यांतली दरी इतकी रुंद असलेला रेणू निवडला गेला, म्हणून उत्तर लख्ख दिसलं.

[दृश्य: नळीत पांढरे कण पडतात]

साखळी तोडायची तर डायफिनाइलअमीन किंवा हायड्रोक्विनोनसारखा पदार्थ थोडासा घालायचा. तो मूलकांना हायड्रोजन देऊन टाकतो आणि स्वतः आळशासारखा बसून राहतो, पुढे कोणाला खो देत नाही. मग उरते संथ वाट, आणि 1,2 मिळतं.

बाटली जुनी असेल तर पेरॉक्साइड कोणी घालावंही लागत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि उजेड मिळून ते बाटलीतच तयार करतात. आधीचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते ते यामुळेच.

[पडद्यावर: H–Cl 431, H–Br 366, H–I 298 किलोजूल प्रति मोल]

मग हीच युक्ती हायड्रोजन क्लोराइडला का चालत नाही? मधल्या कार्बनावर बसणाऱ्या हायड्रोजनचा बंध साधारण 410 किलोजूलचा. ब्रोमाइडचा बंध तोडायला 366 लागतात, म्हणजे प्रत्येक खोला ऊर्जा सुटते. क्लोराइडला 431 मोजावे लागतात. व्यवहार तोट्यात, डाव अडतो. आयोडाइडचा बंध सैल आहे, तिथे हायड्रोजन सहज मिळतो. पण आयोडीनचा अणू दुहेरी बंधावर नीट बसतच नाही; बसला तरी पुन्हा सुटतो. दोन्ही पायऱ्या उताराच्या असण्याचं भाग्य या तिघांत ब्रोमीनच्या एकट्याच्या वाट्याला आलं.

[दृश्य: आजची प्रयोगशाळा, एनएमआर यंत्राचा पडदा]

आज उत्कलनबिंदू मोजत बसावं लागत नाही. रेणूत हायड्रोजन कुठे बसलेत ते एनएमआर यंत्र आलेखातल्या रेषांनी दाखवतं. 1,2 मध्ये एक मिथाइल गट असतो, 1,3 मध्ये नसतो. 1,3 करायला निघालेल्या विद्यार्थ्याला आलेखात 1.8 पीपीएमच्या आसपास मिथाइल गटाच्या रेषांची जोडी दिसली, तर तो ओळखतो की साखळी मध्येच तुटली आणि संथ वाटेने आपला वाटा उचलला.