'मी जातंय' आणि 'लिंग' या शब्दाची फरफट

विषय आहे लिंग आणि लैंगिकतेच्या शब्दांचा, तो दीडशे वर्षांचा आहे आणि वेळ अर्ध्या तासाचा, त्यामुळे मी सुरुवात माझ्या आजीपासून करतो. (हशा) तिच्या मालवणीत 'चेडू' नपुंसकलिंगी. मुलीला ती 'तां' म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शिवाय 'मी जातंय' हे आजी म्हणे आणि आजोबाही म्हणत. आता प्रमाण मराठीत या. 'मी जातो' की 'मी जाते'? तोंड उघडलं की आधी लिंग सांगा, मग कुठे जाताय ते सांगा! माझ्या ओळखीतल्या एका मुलाला सगळे मुलगी समजत. तो दोन वर्षं 'मला जायचंय', 'मी येईन' एवढ्यावरच बोलला, कारण या रूपांत लिंग दिसत नाही. व्याकरणाचा एवढा कस मी परीक्षेतही लावला नव्हता.

गंमत अशी की 'लिंग' हा एकच शब्द आपण अवयवासाठी, शरीराच्या प्रकारासाठी आणि व्याकरणासाठीही वापरतो. म्हणून मनाने आपण कोण, यासाठी 'लिंगभाव' आणि ओढ कुणाची, यासाठी 'लैंगिक कल' असे शब्द घडवावे लागले. एका कार्यालयात हा फरक समजावताना समोरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, रकाना एकच आहे." मी पाऊण तास वाद घातला. त्यांनी चहा पाजला. रकाना एकच राहिला.

चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता धावतो. 1869 मध्ये हंगेरियन लेखक केर्टबेनी यांनी पुरुषा-पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या कायद्याविरुद्ध लिहिताना 'होमोसेक्शुअल' हा शब्द जर्मनमध्ये घडवला. पुढे डॉक्टरांनी तो उचलला आणि आजाराचं नाव करून टाकला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये त्याला आजारांच्या यादीतून काढलं, पण तोवर ज्यांना तो लावला जात होता त्यांनी 'गे' हा स्वतःचा शब्द धरला होता. शब्द बदलतात ते असे: तो कोण वापरतं आणि कशासाठी, यावरून.

आपल्याकडे 'समलिंगी' शब्दातला 'लिंग' ऐकून लोक थेट शरीराकडे वळतात, म्हणून काहींनी 'समलैंगिक' पसंत केला. 'हिजडा' शिवीसारखा वापरला गेला, म्हणून 'तृतीयपंथी' आला. पण त्यात परंपरेचा पंथ आहे. स्त्रीचं शरीर घेऊन जन्मलेल्या, तृतीयपंथीयांच्या कुठल्याच घराण्यात नसलेल्या त्या मुलाला तो बसेना, म्हणून 'पारलिंगी'. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. नावं शोधण्याचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

'उभयलिंगी'वर बोलायचं राहूनच गेलं. तो शब्द माणसांना लावण्याआधी एवढंच ध्यानात ठेवा, की शाळेच्या पुस्तकात तो गांडुळाला लावलेला आहे. (हशा)