कुजतं ते ओलं

[दृश्य : नागपूर, मे महिन्यातली सकाळ. गच्चीच्या कठड्यावर टरबुजाची साल.]

दोन दिवस उन्हात पडलेली ही साल पापडासारखी कडक झालीय. हा कचरा ओला की सुका? आणि ओट्यावरची ही दुधाची रिकामी पिशवी, जिच्यातून अजून थेंब गळतायत, ती कुठे टाकायची?

या गल्लीतल्या भिंतीवर घोषवाक्य होतं : ‘ओला वेगळा, सुका वेगळा.’ पाठ सगळ्यांना होतं. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा, हेही ठाऊक होतं. तरी डबे उघडले की हिरव्यात दुधाच्या पिशव्या, दह्याचे कप. निळ्यात कांद्या-लसणाची टरफलं, तुळशीची वाळकी पानं.

कचरागाडीवरच्या ताईंनी कारण एका वाक्यात सांगितलं : “लोकं हात लावून पाहते नं भाऊ. गिलं लागलं का टाकलं ओल्यात.”

चूक लोकांची नव्हती, शब्दांची होती. कचऱ्याच्या भाषेत ओला म्हणजे भिजलेला नव्हे, कुजणारा. सालीतलं पाणी उडालं तरी ती कुजणारच. पिशवी कितीही भिजवा, ती कुजत नाही.

[दृश्य : चाळणीवर खत. त्यात प्लॅस्टिकचे बारीक तुकडे.]

हिरव्या डब्यात गेलेल्या पिशवीचं हे असं होतं. खत चाळलं तरी तुकडे पूर्ण निघत नाहीत, आणि असं खत शेतकरी कशाला घेईल? उलट निळ्या डब्यात उष्टं पडलं, की पुठ्ठा भिजतो आणि भंगारात त्याला भाव उरत नाही. मग दोन्हींचा रस्ता एकच, भांडेवाडीचं डम्पिंग यार्ड. तिथे ढिगाखाली हवा पोचत नाही, ओला कचरा कुजताना मिथेन सोडतो, आणि हा वायू पेट घेणारा.

म्हणून भिंतीवर नवी ओळ आली :

‘कुजतं ते ओलं, उरतं ते सुकं.’

रद्दीही कुजतेच की, असं कोणी म्हणेल. खरंय. पण कोरडी रद्दी नागपुरात कोणी ओल्यात टाकत नाही, ती रद्दीवाल्याकडे जाते. तर्री सांडलेला कागद मात्र ओल्यातच जाऊ द्या, तो पुन्हा कागद होत नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅड या ओळीत बसत नाहीत. ते कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळेच द्यायचे. सहा शब्दांचं वाक्य सगळंच कसं सांगणार?

[दृश्य : स्वयंपाकघर. कात्री, दुधाची पिशवी.]

काकू पिशवीचा कोपरा कापतात, पण पूर्ण तोडत नाहीत. सुटलेला इवलासा तुकडा केरात हरवतो आणि पुनर्वापराला मिळत नाही. पिशवी विसळली. ते पाणी कुंडीत. पिशवी गॅलरीतल्या तारेवर, चिमट्याला.

मे महिना आहे. गाडी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ती वाळलेली असेल.