वलांडीवरचा बोंबील आणि आगोटीचे दिवस

(दृश्य: सकाळचा किनारा. बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटी, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या. दोऱ्यांवर हजारो बोंबील वाऱ्याने हलत आहेत.)

भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कोणत्याही सकाळी उभे राहिले, तर समुद्राच्या आधी ही बांबूंची जाळी दिसते. हिला येथे वलांडी म्हणतात. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत डोल जाळ्यात मिळणारा बोंबील या दोऱ्यांवर वाळतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना समुद्रात जाण्यास बंदी असते. तेव्हा घरात पैसा येतो तो याच दोऱ्यांवर आधी वाळवलेल्या मालातून.

डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटाला बांधून तोंड उघडे ठेवतात आणि पाणी जे आणील ते त्यात जमा होते. त्यामुळे एकाच ओढीत बोंबील येतो, जवळा येतो, करंदी येते आणि बाजारात फारशी किंमत नसलेला बारीक ढोमाही येतो. या चित्रपटात आपण एका घराच्या आवारात हा माल वेगळा होताना पाहणार आहोत.

(दृश्य: होडीतून उतरलेली टोपली. दोन बायका बोंबील निवडत आहेत.)

ताजा बोंबील हातात घेतला की तो घसरतो, कारण त्याच्या वजनातला जवळजवळ नऊ दशांश भाग पाणीच असतो. एवढ्या पाण्याचा मासा काही तासांतच मऊ पडू लागतो. म्हणून निवडणे, धुणे आणि टांगणे ही तिन्ही कामे त्याच सकाळी उरकावी लागतात. आता येथे हाताचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. घरातली थोरली बाई दोन बोंबील घेते, एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. बोंबलाचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे कोणतीही गाठ न मारता जोडी घट्ट राहते आणि दोन्ही मासे दोरीच्या दोन बाजूंना मोकळे लोंबतात. मासा उभा लोंबला की त्यातले पाणी खाली निथळते, चहूकडून वारा लागतो आणि अंग जमिनीला लागत नाही. बोंबलाला सहसा मीठ लावत नाहीत, म्हणून त्याचे टिकणे किंवा न टिकणे केवळ वाळवणीवर ठरते.

(दृश्य: जोड्या टांगणारे हात, अगदी जवळून. नंतर वलांडीची लांबच लांब रांग.)

कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत दोन-तीन उन्हांत बोंबील वाळतो. पण रात्री दव पडते, आणि दिवसभर गेलेल्या पाण्यातले काही पाणी एका रात्रीत परत येऊ शकते. म्हणून संध्याकाळी वलांडीवर ताडपत्री ओढतात आणि सकाळी ऊन वर आल्यावरच ती काढतात. मे महिन्यात याउलट अडचण येते. ऊन कडक असते, पण वाऱ्यात दमटपणा असतो. वरची कातडी झटकन कडक होते आणि आतले पाणी आतच कोंडते. असा मासा दिसायला तयार असतो आणि आठ दिवसांत बुरशी धरतो.

हे ओळखायचे कसे, हे या घरातल्या बायकांच्या बोटांना माहीत आहे. थोरली बाई एक बोंबील मधोमध वाकवते. सून शेजारी टोपली घेऊन उभी आहे. ती विचारते, "काढू का गं आई?" आणि उत्तर येते, "वाकतोय अजून, राहू दे." दुसऱ्या दिवशी त्याच जागी तोच मासा कट् असा आवाज करून तुटतो आणि तेव्हाच दोरी रिकामी होते. शेपटीकडे मासा लवकर वाळतो. ओल राहते ती डोक्यापाशी आणि पोटाच्या जाड भागात, म्हणून परीक्षा तेथेच करावी लागते.

(दृश्य: बोंबील वाकवणारी बोटे. तुटल्याचा आवाज. तराजू.)

आता हा तराजू पाहा, कारण वाळवणीचा सगळा व्यवहार त्यात आहे. १०० किलो ताज्या बोंबलात ८९ किलो पाणी धरले, तर सुका भाग ११ किलो उरतो. वाळल्यावर मालात १५ टक्के पाणी राहिले, तर त्याचे वजन सुमारे १३ किलो भरते. हाच माल घाईने काढला आणि त्यात २५ टक्के पाणी राहिले, तर वजन साडेचौदा किलोंच्या वर जाते. म्हणजे त्याच माशांतून दीड-पावणेदोन किलो जास्त वजन तराजूवर दिसते. ते वजन पाण्याचे असते आणि हा मोह खरा असतो, विशेषतः व्यापारी दाराशी उभा असताना. पण पंधरा टक्क्यांच्या आसपासचा माल पावसाळाभर बंद डब्यात राहतो, तर पंचवीस टक्क्यांचा माल पहिल्या पावसाच्या हवेतच ओलसर होऊन वास धरतो. ज्या बायकांनी माल घरी साठवायचे ठरवले, त्यांनी वजनाकडे पाहणे सोडले. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत आले, हे त्याचे फळ.

(दृश्य: वाळूवर पसरलेला जवळा. शेजारी लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी आणि तिच्यावरचा जवळा.)

जवळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो इतका बारीक असतो की चांगल्या उन्हात एका दिवसात वाळतो, आणि पसरायला मोकळी वाळू समोरच असते. तेथेच त्याचे मोल कमी होते. वाळूवर वाळलेला जवळा पाण्यात टाकून हलवला की तळाशी बारीक रेती बसते, आणि जेवणात ती कचकच दाताखाली येते. या घराने कमरेएवढ्या उंचीची चौकट करून तिच्यावर बारीक जाळी ताणली आहे. खालूनही वारा लागतो, कोंबड्या-कुत्री पोहोचत नाहीत आणि ओला असताना माशा बसू नयेत म्हणून वर दुसरी जाळी टाकता येते. खर्च बांबू आणि जाळीचा आहे. हे एवढे साधे काम अजूनही किती ठिकाणी होत नाही, याचे वाईट वाटते.

(दृश्य: स्वयंपाकघर. उकडलेला ढोमा, काटे काढणारे हात. परातीत पांढरे मिश्रण.)

आता आपण घरात येतो. डोल जाळ्यात आलेला ढोमा ताजा विकायला गेला तर त्याला भाव नसतो आणि सुकवला तरी फार मिळत नाही. पण त्याच्या मांसात चरबी कमी असते, आणि माशाच्या वेफरसाठी नेमका तोच गुण लागतो. तारली किंवा बांगडा यांसारखा तेलकट मासा घेतला, तर साठवणीत ते तेल हवेने खवट होते आणि वेफरला जुना वास येतो.

मासा उकडून, काटे व कातडी काढून त्याचे मांस २ किलो घ्यावे. त्यात टॅपिओकाचे पीठ २ किलो, कॉर्नफ्लोअर १ किलो, मीठ ५० ग्रॅम आणि पाणी सुमारे साडेतीन लिटर घालून सगळे एकजीव करावे. मिश्रणात माशाचा एकही धागा दिसता कामा नये. नंतर तेल लावलेल्या थाळीत एक ते दोन मिलिमीटर जाडीचा थर पसरून तो वाफेवर ठेवावा. पीठ पारदर्शक दिसू लागले की थर शिजला. ज्या बायकांनी तांदळाच्या फेण्या केल्या आहेत, त्यांना यात शिकवण्यासारखे फारसे काही नाही, त्यांचा हात त्या जाडीचा अंदाज आधीच जाणतो. थर गार झाल्यावर चौकोन कापतात आणि स्वच्छ जाळीवर वाळवतात.

(दृश्य: थाळीतून सुटणारा पातळ थर. कात्रीने कापलेले चौकोन. जाळीवर वाळत घातलेले वेफर.)

वेफरची वाळवण बोंबलासारखी नसते. बोंबलातले पाणी जितके जाईल तितके बरे, पण वेफरमध्ये साधारण १० टक्के पाणी राहू द्यावे लागते. कढईत पडल्यावर त्याच पाण्याची वाफ होते आणि ती शिजलेल्या पिठाला आतून फुगवते. अगदी कोरडाठाक वेफर तेलात तडकतो आणि तसाच चपटा राहतो. ओला वेफर चिवट होतो. माशाचे प्रमाण वाढवले तरी फुगणे कमी होते, कारण फुगते ते पीठ. पहिल्या खेपेला या घराने मासा जवळजवळ दुप्पट घातला होता, आणि कढईतून निघालेले लालसर, कडक तुकडे कोणीच विकत घेतले नाहीत. आज त्या प्रमाणाला धक्का लावला जात नाही.

ढगाळ दिवसासाठी ड्रायर वापरला, तर ताप ४५ ते ५० अंशांच्या आत ठेवावा लागतो. त्यापेक्षा जास्त तापात वेफरच्या कडा आधी वाळतात आणि तो वाकडा होतो, तर मासा वाळण्याऐवजी शिजू लागतो. ऊन आणि वीज अशा दोन्हींवर चालणारे असे ड्रायर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केले आहेत. तेथील पद्धतींचे प्रशिक्षण घेतलेल्या काही महिला गटांच्या हातांत हे काम आता आले आहे.

(दृश्य: पाकिटे भरणे. सीलिंग यंत्राची लाल दिव्याची पट्टी. पत्र्याचे डबे.)

वाळवून झाल्यावर उरतो तो साठवणीचा प्रश्न, आणि सर्वात जास्त माल तेथेच वाया जातो. पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून दमट हवा हळूहळू आत शिरते. बोंबलाच्या टोकदार शेपट्या तर ती पिशवी आतूनच फाडतात. जाड, अनेक थरांच्या पाकिटात माल भरून त्याचे तोंड गरम पट्टीने बंद केले, तर पावसाळा बाहेरच राहतो. माल उन्हातून काढल्याबरोबर पाकिटात भरू नये. तो गरम असताना भरला, तर आत वाफ जमते आणि पाकिटाच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात. थेंब दिसलेले पाकीट त्याच दिवशी फोडून माल पुन्हा वाळवावा. डब्याच्या तळाशी बारीक भुगा दिसला, तर तो किडीने कुरतडलेला असतो, आणि तेवढा एक डबा बाजूला काढून शेजारचे सगळे उघडून पाहावे लागतात. अन्नसुरक्षा नोंदणी, वजन, भरल्याची तारीख आणि पत्ता पाकिटावर असल्याशिवाय दुकानदार ते मांडीत नाही.

(दृश्य: मे महिन्याचा बाजार. पाट्यांमधला सुका माल, गर्दी.)

मे महिन्यात आगोटीची खरेदी सुरू होते. पावसाआधी घरात सुका माल भरून ठेवण्याची ही जुनी रीत आहे. त्या पंधरवड्यात सुका बोंबील आणि जवळा मोठ्या प्रमाणावर जातो. त्याच वेळी सगळ्यांचा माल बाजारात असतो, म्हणून भाव मात्र हातात राहत नाही. वेफर जूनमध्ये आणि जुलैच्या पूर्वार्धात खपतो, श्रावण लागला की थांबतो. एवढ्यात मुलांची वह्या-पुस्तके आणि होडीची डागडुजी निघते, सावकाराकडे जाणे थोडे कमी होते.

(दृश्य: जूनचा पाऊस. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, वलांडीचे मोकळे बांबू. घरात कढई. तेलात सोडलेला वेफर क्षणात फुगून वर येतो.)

वलांडी आता रिकामी आहे. दोऱ्या गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत, आणि बांबूंच्या शेजारी होडी पालथी घातली आहे. चुलीशी बसलेली सून डब्यातून मूठभर वेफर काढते, एक मोडून आवाज ऐकते आणि उरलेले कढईत सोडते.