चोवीस नव्हे, एकवीस शीट

सोलापूर, अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. या शेडमध्ये उद्या टॉवेलचे माग बसतील. आज फक्त मुरमावर केलेला पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर आहे आणि भिंतीला टेकवून ठेवलेली वेल्डेड जाळी.

फरशी 19.8 मीटर लांब, 12 मीटर रुंद. जाळीचं एक शीट 6 मीटर बाय 2.4 मीटर, चौकोन 150 मिलिमीटरचा. क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागलं तर सतराच शीट लागतील असं वाटतं. पण तेवढीच आणली तर काम अर्ध्यात अडतं, कारण या हिशेबात लॅप, म्हणजे एक शीट शेजारच्या शीटवर जेवढं चढवायचं तो भाग, धरलेलाच नाही.

लॅप किती हवा, हे काँक्रीट कामाचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं: दोन्ही शीटच्या शेवटच्या आडव्या तारांमधलं अंतर एका चौकोनाएवढं, अधिक 100 मिलिमीटर. म्हणजे इथे 250. मापायचं ते तारेपासून तारेपर्यंत. तारांची टोकं त्यापुढे दोन्हीकडे 75 मिलिमीटर निघालेली असतात, म्हणून शीटच्या कडेपासून कडेपर्यंत लॅप 400 भरतो. फिटरने टेप टोकाला लावून 250 मोजले, तर आडव्या तारांमध्ये जेमतेम 100 उरतात. ताण एका शीटमधून दुसऱ्यात जातो तो मुख्यतः काँक्रीटमध्ये रुतलेल्या या आडव्या तारांमुळे, त्यामुळे ही चूक साधी नाही.

आता मांडणी करू. चारी बाजूंना 50 मिलिमीटर कव्हर, म्हणजे जाळी झाकणारं काँक्रीट, सोडलं की जाळीला 19.7 बाय 11.9 मीटर जागा मिळते. रुंदीत सहा ओळी बसतात आणि अर्धा मीटर जास्तीचा उरतो. तो कापू नये. पाच लॅपमध्ये दहा-दहा सेंटिमीटर वाटून टाकावा. कापलेली पट्टी तशीही भंगारातच जाणार.

लांबीत तीन अख्खी शीट 17.2 मीटर झाकतात. राहिलेल्या अडीच मीटरला लॅप धरून 2.9 मीटरचा तुकडा लागतो. इथेच खरी बचत आहे. एका शीटच्या दोन्ही टोकांकडून 2.9 चे दोन तुकडे निघतात, मधली 20 सेंटिमीटर पट्टी तेवढी वाया जाते. प्रत्येक तुकड्याची कारखान्यातून आलेली बाजू लॅपकडे, कापलेली बाजू भिंतीकडे ठेवायची. प्रत्येक ओळीला एक तुकडा आणि सहा ओळींना तीन शीट. ओळीमागे चार धरून चोवीस होतात, इथे एकवीसमध्ये भागतं.

पहिल्या ओळीचा तुकडा पूर्वेच्या भिंतीला असेल, तर दुसरीचा पश्चिमेच्या भिंतीला ठेवावा. सांधे एका रेषेत आले की कोपऱ्यावर चार शीट एकावर एक चढतात, जाळी उचलली जाते आणि वरचं कव्हर कमी पडतं. सांधे सरकवले की तीनच थर येतात.

बाईंडिंग वायरने लॅप बांधून झाले की जाळी चेअरवर, म्हणजे खालून आधार देणाऱ्या घोड्यांवर, उचलून घ्यावी आणि काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी प्रत्येक सांध्यावर तारेपासून तारेपर्यंत टेप लावावा.