प्रकाशाने लागलेली भूक

पिंजऱ्यातला हा उंदीर पोटभर खाऊन झालेला आहे. दिवसाची वेळ आहे, आणि रात्री जागणारा हा प्राणी या वेळी सहसा झोपतो किंवा कोपऱ्यात अंग चाटत बसतो. समोर खाद्याच्या गोळ्या ठेवलेल्या आहेत, पण तो त्यांच्याकडे फिरकतही नाही. त्याच्या डोक्यावर बसवलेल्या बारीक प्रकाशतंतूतून आता निळा प्रकाश सोडला जातो. काही मिनिटांतच तो उठतो, गोळीपाशी जातो, ती पुढच्या पायांत धरतो आणि बराच वेळ उपाशी राहिल्यासारखा कुरतडू लागतो. प्रकाश थांबवला की खाणेही ओसरते.

हा प्रयोग अमेरिकेतील हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या जनेलिया संशोधन केंद्रात स्कॉट स्टर्नसन यांच्या गटाने केला आणि तो 2011 साली प्रसिद्ध झाला. प्रकाश पडला होता तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील काही हजार चेतापेशींच्या एका समूहावर. या पेशी ज्या प्रथिनामुळे ओळखल्या जातात, त्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना एजीआरपी पेशी म्हणतात. उपाशी उंदरात त्या अधिक सक्रिय असतात हे आधीच ठाऊक होते. प्रौढ उंदरात त्या नष्ट केल्या तर तो खाणेच सोडतो, हेही 2005 मध्ये दिसले होते. तरीही एक प्रश्न उरत होता: पोट भरलेले असताना केवळ याच पेशी जाग्या केल्या, तर प्राणी खाऊ लागेल का? विद्युत अग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, वापरून याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते, कारण विजेचा झटका टोकाभोवतीच्या सगळ्याच पेशींना बसतो, आणि या पेशींच्या अगदी शेजारी, त्याच दाटीत, भूक कमी करणाऱ्या पेशीही असतात. दोन्ही एकदम उत्तेजित झाल्या, तर उंदराच्या वागण्यातून काय निष्कर्ष काढायचा?

ही अडचण ज्या प्रथिनाने दूर केली, ते गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहणाऱ्या क्लॅमिडोमोनास नावाच्या एकपेशीय हिरव्या शैवालात सापडते. दोन शेपट्यांसारख्या कशाभिकांनी पोहणारे हे शैवाल ज्या प्रथिनांच्या आधाराने उजेडाची दिशा ओळखते, त्यांतील एक म्हणजे चॅनेलरोडॉप्सिन-2. हे प्रथिन पेशीच्या पटलात बसलेले असते आणि त्याच्या पोटात रेटिनल हा ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू असतो. निळा प्रकाश पडताच रेटिनलचा आकार बदलतो, त्या ओढीने प्रथिनातील वाट उघडते, आणि धनभारित आयन आत शिरू लागतात. जर्मनीतील गेओर्ग नागेल, पीटर हेगेमान आणि एर्न्स्ट बाम्बर्ग यांनी 2003 मध्ये हे गुणधर्म दाखवून दिले. चेतापेशी आतून ऋणभारित असते आणि धनभार पुरेसा आत आला की ती संदेशाचा स्पंद सोडते. त्यामुळे हे प्रथिन तिच्यात बसवले तर प्रकाशाने तिला चेतवता येईल, हे ओघानेच आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील कार्ल डाइसेरॉथ आणि एडवर्ड बॉयडन यांनी जर्मन सहकाऱ्यांसह 2005 मध्ये हे काचपात्रात वाढवलेल्या चेतापेशींत करून दाखवले. प्रकाशाच्या ठिणगीमागोमाग काही मिलिसेकंदांत पेशीचा स्पंद येत होता. रेटिनल बाहेरून पुरवावे लागले नाही, कारण सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते पुरेसे असते.

आता राहिला पेशींच्या निवडीचा प्रश्न, आणि माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत सुंदर कारागिरी इथेच आहे. स्टर्नसन यांच्या प्रयोगातील उंदरांमध्ये क्री नावाचे एक विकर केवळ एजीआरपी पेशींतच तयार होत होते. चॅनेलरोडॉप्सिनचे जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत मेंदूत टोचले गेले, पण ते जनुक मुद्दाम उलटे लिहिलेले होते. विषाणू आसपासच्या अनेक प्रकारच्या पेशींत शिरला, तरी उलटे जनुक तिथे वाचता येत नव्हते. जिथे क्री होते, तिथे त्या विकराने जनुकाचा तुकडा कापून, सुलट फिरवून पुन्हा जोडला, आणि प्रथिन फक्त तिथेच बनले. पुरेसे प्रथिन साठायला काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि त्यानंतरच प्रयोग सुरू होतो.

प्रकाश सलग दिला जात नव्हता. 10 मिलिसेकंदांच्या ठिणग्या, सेकंदाला 20 या वेगाने, एक सेकंदभर दिल्या जात आणि मग तीन सेकंदांची विश्रांती असे. हा क्रम तासभर चाले. प्रयोगानंतर मेंदूचे पातळ काप घेऊन, चॅनेलरोडॉप्सिनला जोडलेल्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या आधारे, किती पेशींत ते उतरले होते हे मोजले गेले. ज्या उंदरांत जास्त पेशी प्रकाशाला दाद देत होत्या, त्यांनी जास्त खाल्ले होते. हे नाते नसते, तर खाण्याचे कारण म्हणून या पेशींकडे बोट दाखवणे अवघड झाले असते.

तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण प्रकाशाबरोबर उष्णताही येते. पेशी शांत करण्यासाठी हॅलोरोडॉप्सिन वापरतात. मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचे हे प्रथिन पिवळ्या प्रकाशात क्लोराइड आयन पेशीच्या आत ढकलते. मात्र ते पंपासारखे काम करते, म्हणून प्रकाश दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो. अशा सलग प्रकाशाने मेंदूचा भाग थोडासा तापला, तरी काही चेतापेशींचे स्पंद कमी होतात आणि उंदराचे वागणेही बदलू शकते, मग पेशींत प्रकाशसंवेदी प्रथिन असो वा नसो. हे 2019 मध्ये दाखवले गेले. म्हणूनच विषाणू, शस्त्रक्रिया, तंतू आणि प्रकाश सगळे तेच, पण प्रकाशसंवेदी प्रथिन नाही, अशा उंदरांचा गट प्रत्येक प्रयोगात हवा. त्या गटातील उंदीरही तसेच वागले, तर तो परिणाम पेशींचा मानता येत नाही.

भुकेच्या या पेशींबाबत खरा पेच मात्र पुढे आला. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झॅकरी नाइट यांच्या गटाने या पेशी चेतवण्याऐवजी त्यांची नैसर्गिक हालचाल मोजली. पेशी सक्रिय झाली की तिच्यातील कॅल्शियम वाढते, म्हणून त्यासाठी कॅल्शियम वाढले की अधिक चमकणारे प्रथिन वापरले. उपाशी उंदरासमोर खाद्य ठेवताच काही सेकंदांत, पहिला घासही घेण्याआधी, या पेशी शांत होऊ लागल्या. जनेलियातील प्रयोगात उंदीर खात असतानाही प्रकाश त्या पेशींना जागे ठेवत होता. निसर्गात मात्र उंदीर खातो तेव्हा त्या बहुतांशी गप्प असतात. प्रकाशाने पेशी चेतवली आणि वागणूक घडली, यावरून ती वागणूक घडवण्याची क्षमता पेशीत आहे एवढेच कळते. ती एरवी याच रीतीने काम करते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग गप्प झालेल्या पेशी खायला कशा लावतात? नाइट यांच्या गटाने त्यासाठी प्रकाशाची वेळ बदलली. खाद्य नसताना पेशी प्रकाशाने चेतवल्या, मग प्रकाश बंद केला, आणि त्यानंतर खाद्य समोर ठेवले. पोट भरलेले ते उंदीर तुटून पडल्यासारखे खाऊ लागले, आणि प्रकाश नसतानाही हे खाणे बराच वेळ चालले. हे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी थांबल्यावरही तिचा परिणाम मागे राहत होता. 2019 मध्ये त्याच गटाने दाखवले की या पेशींतून सोडले जाणारे न्यूरोपेप्टाइड वाय हे रसायन ज्या उंदरांत बनतच नाही, त्यांच्यात आधी दिलेल्या प्रकाशाचा असा टिकणारा परिणाम दिसत नाही, आणि केवळ एजीआरपी पेशींत ते पुन्हा बनू दिले की तो परत येतो.